सिंकिंग फंडाचे पैसे नक्की कुठे आहेत? कर्जाच्या सभेआधी ताळेबंद कसा वाचावा

सहकारनगरमधली आमची ३२ फ्लॅटची सोसायटी. बिल्डिंग तीस वर्षांहून जुनी झाली आहे. पार्किंगमधल्या दोन पिलरचं काँक्रीट फुटून आतली सळई दिसायला लागली, तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. पिलरचं जॅकेटिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि ड्रेनेजच्या पाइपलाइनी मिळून एस्टिमेट आलं ४२ लाखांचं. कमिटीत ठरलं की बँकेकडून ३० लाख कर्ज घ्यायचं आणि उरलेले १२ लाख सोसायटीच्या निधीतून घालायचे. "निधी पंचवीस लाखांच्या घरात आहे, बारा सहज निघतील," असं खजिनदारकाका म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरी म्हणून मीही डोलावली. विशेष सर्वसाधारण सभा नऊ दिवसांवर होती आणि ठराव मलाच मांडायचा होता.

त्याआधी दोन वर्षं ताळेबंदावर माझी सही होती. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली आहे एवढं बघून मी सही करायचे.

तळमजल्यावर राहणाऱ्या मावशी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्या आहेत. सोसायट्यांचे कर्जप्रस्ताव तपासण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. अहवालाची प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, लाकडी पट्टी आणि पेन्सिल घेतली आणि विचारलं, "अगं, बेरीज जुळली हे ठीक आहे. ती जुळणारच, नाहीतर ऑडिटरने सही केली नसती. पण पैसे कुठे आहेत ते दाखव बघू."

मी बोट ठेवलं सिंकिंग फंडावर, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी मेंटेनन्सच्या बिलातून राखून ठेवलेल्या निधीवर. तिथेच माझी चूक झाली होती. तो आमचा ताळेबंद सोप्या रूपात खाली देते.

| भांडवल व देणी | रुपये | मालमत्ता व येणी | रुपये |
|---|---|---|---|
| भागभांडवल | १६,००० | रोख व बचत खाते | २,००,००० |
| राखीव निधी | ३,८४,००० | मुदत ठेवी | १४,००,००० |
| सिंकिंग फंड | १४,६०,००० | बँकेचे शेअर्स | १०,००० |
| दुरुस्ती निधी | ६,२०,००० | सभासदांकडून येणे | ८,९०,००० |
| सभासदांची आगाऊ जमा | ९०,००० | वीज अनामत | ४०,००० |
| खर्चाची देणी | १,३०,००० | लिफ्ट, पंप, फर्निचर | ३,२०,००० |
| वाढावा (शिल्लक) | २,००,००० | कंत्राटदारास उचल | ४०,००० |
| एकूण | २९,००,००० | एकूण | २९,००,००० |

डावीकडे नाव, उजवीकडे पैसा

मावशींनी पट्टी कागदाच्या मधोमध उभी ठेवली आणि उजवी बाजू झाकली. "डावीकडे फक्त एवढंच लिहिलंय की पैसा कुठून आला आणि कोणत्या कामासाठी राखून ठेवलाय. सिंकिंग फंड १४,६०,००० याचा अर्थ, एवढी रक्कम सभासदांकडून या नावाने आकारली गेली. ती आज हातात आहे असा त्याचा अर्थ नाही." मग पट्टी सरकवून डावी बाजू झाकली. "आता इथे शोध. पैशाचं आज काय झालंय ते इथेच दिसेल."

उजव्या बाजूला 'सिंकिंग फंड' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथे बँक होती, ठेवी होत्या, लिफ्ट होती आणि सभासदांची थकबाकी होती. मेंटेनन्सचं बिल निघालं की त्यातला सिंकिंग फंडाचा भाग डावीकडे लगेच जमा होतो, मग सभासदाने बिल भरलेलं असो वा नसो. न भरलेल्या बिलाची रक्कम उजवीकडे 'सभासदांकडून येणे' मध्ये जाऊन बसते. त्यामुळे दोन्ही बाजू जुळतात, निधीही वाढलेला दिसतो, पण बँकेत पैसा आलेलाच नसतो.

म्हणून करायचा पहिला हिशोब असा. डावीकडचे तिन्ही निधी एकत्र करा. आमचे राखीव ३,८४,०००, सिंकिंग १४,६०,००० आणि दुरुस्ती ६,२०,००० मिळून २४,६४,००० झाले. काकांचे 'पंचवीस लाख' ते हेच. आता उजवीकडे मुदत ठेवी बघा. त्या होत्या १४,००,०००. तफावत निघाली १०,६४,००० रुपयांची. निधी म्हणून दाखवलेल्या दर शंभर रुपयांतले साधारण ५७ रुपयेच ठेवींमध्ये होते.

ही तफावत म्हणजे लगेच कुणी पैसे खाल्ले असं नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण ठेवी कमी दिसल्या की सभेत पहिला संशय खजिनदारावरच जातो. आमच्याकडे हा पैसा उजव्या बाजूलाच सापडला. त्यातला मोठा भाग थकबाकीत होता आणि काही पूर्वी लिफ्टच्या कामाला लागलेला. उजवीकडे अशी जागा सापडली नाही तर मात्र प्रश्न गंभीर आहे.

मागच्या वर्षीचा रकाना

सोसायटीच्या ताळेबंदात प्रत्येक आकड्याशेजारी मागच्या वर्षीचा आकडा छापलेला असतो. मी तो कधी वाचला नव्हता. मावशींनी फक्त दोन ओळींवर खूण केली. मुदत ठेवी मागच्या वर्षी १५,५०,००० होत्या, यंदा १४,००,०००. सभासदांकडून येणे मागच्या वर्षी ६,४०,०००, यंदा ८,९०,०००.

म्हणजे वर्षभरात ठेवी दीड लाखाने घटल्या आणि थकबाकी अडीच लाखांनी वाढली. त्याच वर्षी उत्पन्न-खर्च पत्रकात १,१२,००० रुपयांचा वाढावा दाखवला होता. "नफा झाला आणि तरी एफडी मोडावी लागली, हे कसं?" मावशींनी विचारलं. मला आठवलं, फेब्रुवारीत लिफ्टचं बिल भरायला एक ठेव मोडली होती. कमिटीत मी तिला होकारही दिला होता. तेव्हा ते एक बिल वाटलं होतं. आता दोन रकाने शेजारी ठेवल्यावर कळलं की चालू खर्चाला लागणारी रोख थकबाकीत अडकली आहे आणि ती तूट ठेवी भरून काढताहेत.

थकबाकीची यादी स्वतः बघा

ताळेबंदात थकबाकीची एकच ओळ असते. खरी माहिती मागे जोडलेल्या परिशिष्टात, सभासदवार यादीत असते. आमच्या अहवालाच्या छापील प्रतीत ती यादी नव्हतीच, ऑडिटरकडच्या फाइलमधून मागवून घ्यावी लागली. सेक्रेटरीला ती मागायचा पूर्ण अधिकार आहे, आणि कर्ज घ्यायचं असेल तर बँकही ती मागतेच.

यादीची तीन भागांत विभागणी करा. एक-दोन महिन्यांचं मागे राहिलेलं, वर्षभरातलं, आणि त्याहून जुनं. आमच्याकडे २९ फ्लॅटचं मिळून येणं फक्त १,१०,००० होतं. उरलेले ७,८०,००० तीन फ्लॅटकडे होते. त्यातला एक फ्लॅट वारसांच्या वादात आठ वर्षं बंद आहे. त्याच्याकडचं येणं ४,६०,०००.

मावशींनी तो आकडा फोडून दाखवला. महिना २,६०० रुपये मेंटेनन्स, आठ वर्षांचे जवळजवळ अडीच लाख. उरलेले दोन लाख दहा हजार हे थकबाकीवरचं २१ टक्के दराचं सरळव्याज. आमच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांप्रमाणे, कमाल तेवढा दर लावता येतो आणि आमच्या सर्वसाधारण सभेने तो लावलेला आहे. व्याज लावणं बरोबरच आहे, त्याने वसुलीला जोर येतो. अडचण पुढच्या टप्प्यावर आहे.

वाढाव्यातून न आलेलं व्याज काढा

दरवर्षी हे व्याज उत्पन्न-खर्च पत्रकात 'उत्पन्न' म्हणून धरलं जातं. त्या वर्षी तीन फ्लॅटवरचं व्याज ९६,००० रुपये होतं. त्यातला एक रुपयाही आलेला नव्हता. काही सोसायट्यांत ऑडिटर अशा व्याजासाठी वेगळी तरतूद करायला लावतात, म्हणजे ते वाढाव्यात मिसळत नाही. आमच्याकडे तशी तरतूद नव्हती. तुमच्याकडे आहे का हे बघायला डावीकडे 'थकीत व्याज तरतूद' अशा अर्थाची ओळ शोधा.

मावशींनी पेन्सिलीने समासात मांडणी केली. वाढावा १,१२,०००. त्यातून न आलेलं व्याज ९६,००० वजा. उरले १६,०००. मग त्यांनी घसारा परत मिळवला. घसारा हा कागदावरचा खर्च असतो, लिफ्ट-पंपाची किंमत कमी दाखवण्यासाठी. त्यासाठी बँकेतून पैसे जात नाहीत. तो होता ३०,०००. म्हणजे हातात खरी बचत ४६,००० रुपये, वर्षाला.

इथपर्यंत मी समजत होते. पुढची ओळ मला सुचलीच नसती. "आता बारा लाख घालायला ठेवी मोडणार ना? मग त्यांचं व्याजही जाणार." आमच्या ठेवींवर सरासरी ६.८ टक्के व्याज मिळत होतं. दहा लाखांच्या ठेवी मोडल्या तरी वर्षाचे ६८,००० रुपये कमी होतात. ४६,००० मधून ६८,००० गेले की २२,००० ची तूट. म्हणजे चालू मेंटेनन्समधून कर्जाच्या हप्त्याला एक रुपयाही मिळणार नव्हता, उलट रोजचा खर्चच थोडा कमी पडणार होता. हप्ता पूर्णपणे वेगळ्या वर्गणीतून यायला हवा, हे त्या एका वजाबाकीने ठरलं.

ठेवींच्या पावत्या हातात घ्या

दुसऱ्या दिवशी मी खजिनदारकाकांबरोबर ऑफिसचं कपाट उघडलं. ताळेबंदातल्या ठेवींची यादी आणि मूळ पावत्या एकेक करून जुळवल्या. पावती कोणाच्या नावावर आहे (ती सोसायटीच्याच नावावर हवी), रक्कम किती, मुदत कधी संपते आणि तिच्यावर बँकेने तारण म्हणून बोजा ठेवला आहे का, या चार गोष्टी बघायच्या. डिजिटल पावती असेल तर बँकेकडून ३१ मार्चचं शिल्लक प्रमाणपत्र मागवा. आमच्या पाच पावत्या व्यवस्थित निघाल्या. काकांनाही हायसं वाटलं. इतकी वर्षं ते एकट्याने ही जबाबदारी सांभाळत होते आणि कुणी त्यांच्याबरोबर बसून पावत्या पाहिल्या नव्हत्या.

पावत्या बघताना मुदतीच्या तारखाही लिहून घ्या. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कमी मिळतं. कंत्राटदाराला पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात, त्यामुळे कोणती ठेव कधी पिकते ते बघून पहिल्या टप्प्याला तीच वापरता येते.

त्याच कपाटात ४०,००० च्या उचलीचाही उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याला दिलेले पैसे होते. काम अर्धवट सोडून तो गेला, बिल कधी आलंच नाही आणि रक्कम 'उचल' म्हणून दोन ताळेबंदांत तशीच पुढे आली. अशी ओळ सलग दुसऱ्या वर्षी दिसली की ती मालमत्ता समजू नका. त्या पैशांचं काम झालं का, पैसे परत येणार का, हे विचारा.

खरोखर किती वापरता येतील

आता प्रश्न एवढाच उरला की ४२ लाखांतले सोसायटीचे किती. ठेवी १४,००,०००. त्यातला राखीव निधी ३,८४,००० वेगळा ठेवला. तो सहज खर्चायचा निधी नाही आणि त्याची गुंतवणूक स्वतंत्र दिसली पाहिजे. उरले १०,१६,०००. पंप जळाला, लिफ्टचा रोप बदलावा लागला तर हाताशी दोन लाख हवेतच. म्हणजे वापरता येण्यासारखे आठ लाख. बारा नाहीत.

सिंकिंग फंड वापरताना सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि काम मोठ्या, संरचनात्मक दुरुस्तीचं आहे असा आर्किटेक्टचा दाखला लागतो. आणखी काय लागतं ते आपापल्या नोंदणीकृत उपविधीत वाचून घ्या, कारण सगळ्या सोसायट्यांनी एकाच वर्षीचे आदर्श उपविधी स्वीकारलेले नाहीत.

मी विचारलं, "मावशी, मग जास्तीचं कर्जच घेऊया ना. पूर्ण ४२ घेतलं तर ठेवींना हातही लावायला नको." त्यांनी उपविधींची पुस्तिका मागितली. आमच्या उपविधीत देण्यांना मर्यादा आहे: भरलेलं भागभांडवल, राखीव निधी आणि इमारत निधी यांच्या बेरजेतून साचलेला तोटा वजा करायचा, आणि येईल त्याच्या दहापट. आमचा इमारत निधी नव्हता, तोटाही नव्हता. १६,००० आणि ३,८४,००० मिळून चार लाख, त्याची दहापट ४० लाख. ही मर्यादा एकूण देण्यांना लागते, म्हणून आधीची देणी आणि आगाऊ जमा मिळून २,२०,००० तिच्यात धरली. ३० लाखांचं कर्ज त्यात बसत होतं. ४२ बसतच नव्हतं. लक्षात घ्या, सिंकिंग फंड कितीही मोठा असला तरी या हिशोबात तो येत नाही.

हप्ता किती जण भरतील

बँकेने ११ टक्के दराने सात वर्षांची मुदत सांगितली होती. ३० लाखांना महिन्याचा हप्ता साधारण ५१,४०० रुपये येतो. कमिटीने त्याला ३२ ने भागून फ्लॅटमागे १,६०६ असा आकडा काढला होता आणि तोच सूचनेत जाणार होता.

मावशींनी तो खोडला. "जे तीन जण मेंटेनन्स भरत नाहीत ते हप्ता भरणार आहेत का? बँक हप्ता सोसायटीकडून घेणार, तीन फ्लॅट सोडून नाही घेणार." २९ ने भागल्यावर आले १,७७२. मी ठरावात १,८०० लिहिले. २९ जणांनी भरले तरी ५२,२०० जमतात आणि हप्ता चुकत नाही. बिल मात्र ३२ ही फ्लॅटला निघेल. त्या तिघांकडून जे येईल ते पुढच्या अडचणीसाठी शिल्लक राहील. तसंच कमी पडणाऱ्या चार लाखांसाठी फ्लॅटमागे एकदाच १४,००० रुपये, तेही २९ धरूनच.

बँकेला कर्जाच्या अर्जाबरोबर तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद द्यायचे होते. म्हणून मी मागच्या तिन्ही वर्षांतल्या ऑडिटरच्या शेऱ्यांवर नजर टाकली. थकबाकी वसुलीसाठी पावलं उचलावीत, असा शेरा तिन्ही वर्षं होता. आमचं उत्तर तिन्ही वर्षं एकच, 'कार्यवाही चालू आहे'. बँकेचा अधिकारी नेमका हाच शेरा आधी वाचतो. तेव्हा सभेच्या सूचनेतच दुसरा विषय घातला: तिन्ही फ्लॅटविरुद्ध उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करण्याचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब-२९ आहे, त्याखाली हा दाखला मिळतो. त्यासाठी थकबाकीचा महिनावार खातेउतारा, पाठवलेल्या नोटिसा आणि कमिटीचा ठराव हे सगळं जुळलेलं लागतं. आमच्या खातेउताऱ्यात एका वर्षी व्याजावर व्याज लागलेलं निघालं. ते दुरुस्त केल्याशिवाय अर्ज केला नाही, नाहीतर समोरच्याला हरकत घ्यायला कारण मिळालं असतं.

सभेत

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. मी ताळेबंद वाचून दाखवला नाही. एका पानावर ओळीने पाच आकडे लिहून त्याच्या प्रती वाटल्या: कागदावरचे निधी २४,६४,०००, ठेवीतले १४,००,०००, वापरता येणारे ८,००,०००, वर्षाची खरी बचत ४६,०००, आणि महिन्याचा हप्ता ५१,४००.

थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा उठले. "मग आमचा सिंकिंग फंड गेला कुठे?" आवाजात राग होता आणि नजर खजिनदारकाकांकडे होती. मी मावशींची युक्ती केली. कागद मधून दुमडून डावी बाजू आत घालायला सांगितली आणि उजवीकडची थकबाकीची ओळ वाचायला लावली. त्यांनी चष्मा वर सरकवून ती दोनदा वाचली. "म्हणजे तीन घरांत अडकलाय," ते म्हणाले, आणि खाली बसले.

वाद झाला, दीड तास झाला. १४,००० एकदम भरणं काही जणांना जड होतं, म्हणून तीन हप्ते दिले. ठरावात एक वाक्य मावशींच्या आग्रहाने घातलं: दरमहा १,८०० ची वर्गणी वेगळ्या बचत खात्यात जमा होईल आणि त्या खात्यातून कर्जाच्या हप्त्याखेरीज काहीही दिलं जाणार नाही. २४ जण हजर होते, २२ जणांनी बाजूने हात वर केले.

पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या १० तारखेला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी काका पासबुक घेऊन वर आले आणि दारातच उघडून दाखवलं. २८ फ्लॅटचे पैसे जमा होते, ५०,४००. हजार रुपये कमी. एकोणतिसाव्या फ्लॅटला मी फोन लावला, तर ते गावाला गेलेले. त्यांनी तिथूनच १,८०० पाठवले आणि काकांनी पासबुकात पेन्सिलीने ५२,२०० लिहून ठेवले.